दोनदा मोजलेलं मूल

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत मुलांच्या पोषणाचं सर्वेक्षण ठरतं, तेव्हा माझं काम सर्वेक्षणाच्या आधीच सुरू होतं. मुलांची लांबी, वजन आणि दंडाचा घेर मोजायला जी माणसं पाड्यापाड्यांवर जाणार असतात, त्यांची मापं भरवशाची आहेत की नाहीत हे मी तपासते. लोक याला प्रशिक्षण म्हणतात. शिकवणं त्यात असतंच, पण माझा जास्त वेळ जातो तो एकच मूल पुन्हा पुन्हा मोजून घेण्यात आणि आलेल्या आकड्यांतला फरक कुठून आला ते शोधण्यात.

त्यासाठी अंगणवाडीतली दहा मुलं निवडतो. आयांना आधी सगळं समजावून सांगतो, कारण मुलाला परत परत आडवं करायचं असतं आणि ते रडणार हे ठरलेलं असतं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजतात. इन्फंटोमीटर म्हणजे एक लांब फळी, एका टोकाला डोक्यासाठी पक्की पाटी आणि दुसऱ्या टोकाला पायांसाठी सरकती पाटी. हे एकट्याचं काम नाही. मदतनीस डोक्याशी बसते आणि मुलाचं डोकं दोन्ही हातांनी धरून पक्क्या पाटीला टेकवते. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक यांना जोडणारी रेघ फळीशी काटकोनात उभी यायला हवी, म्हणजे मुलाची नजर सरळ वर लागते. मोजणारी व्यक्ती एका हाताने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करते, दुसऱ्या हाताने सरकती पाटी तळव्यांना भिडवते, टाचा टेकल्या का ते बघते आणि मिलिमीटरपर्यंत आकडा वाचते. मूल शांत असेल तर यातलं सगळं जमतं. मूल लाथा झाडत असेल तर यातलं एखादं तरी निसटतं.

प्रत्येक जोडीने दहाही मुलं एकदा मोजायची. मग त्यांच्या चिठ्ठ्या मी गोळा करते, मुलांना खाऊ आणि आईची कुशी मिळते, आणि थोड्या वेळाने तीच दहा मुलं, वेगळ्या क्रमाने, पुन्हा. मी आणि माझी मदतनीस हीच मुलं तशीच दोनदा मोजतो. आता माझ्यासमोर दोन प्रकारचे फरक असतात. एका जोडीचं पहिलं माप आणि दुसरं माप यांच्यातला फरक हा झाला टेस्ट-रिटेस्ट, म्हणजे त्याच हातांनी तीच गोष्ट पुन्हा केल्यावर किती जुळतं ते. त्या जोडीचं माप आणि माझं माप यांच्यातला फरक हा झाला इंटर-रेटर, म्हणजे हात बदलल्यावर किती जुळतं ते. दोन्हींसाठी हिशेब एकच आहे. मानवमितीत त्याला मापनाची तांत्रिक चूक म्हणतात, बोलताना आम्ही सरळ टीईएम म्हणतो:

```
TEM = √( Σd² / 2n )
```

d म्हणजे एका मुलाच्या दोन मापांतला फरक, n म्हणजे मुलांची संख्या. फरकांचे वर्ग करून बेरीज करायची, मुलांच्या दुपटीने भागायचं, वर्गमूळ काढायचं. उत्तर सेंटिमीटरमध्येच येतं, ही या हिशेबाची मोठी सोय. अंगणवाडी सेविकेला ‘तुमचा गुणांक शून्य पूर्णांक नव्वद आहे’ म्हटलं तर त्यातून काही हाती लागत नाही. ‘ताई, एकाच मुलाचं तुमचं माप साधारण इतके मिलिमीटर इकडेतिकडे होतं’ म्हटलं की त्या लगेच आपल्या हातांकडे बघतात.

एका गटातल्या दोन जोड्या मी अजून उदाहरण म्हणून सांगते.

पहिल्या जोडीत मोजणारी एक अनुभवी ताई होती. तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या मापांतले फरक सेंटिमीटरमध्ये असे: ०.२, ०.१, ०.३, ०, ०.२, ०.१, ०.४, ०.३, ०.१, ०.२. वर्गांची बेरीज ०.४९, वीसने भागून वर्गमूळ काढलं की टीईएम जेमतेम ०.१६ सेंटिमीटर. सबंध गटात इतकं स्थिर माप दुसऱ्या कुणाचं नव्हतं. दुसऱ्या जोडीत एक तरुण दादा होता, त्याचा टीईएम ०.९ आला. एकाच मुलाची त्याची दोन मापं कधी दोन मिलिमीटरने, तर कधी पावणेदोन सेंटिमीटरने वेगळी. नुसतं टेस्ट-रिटेस्ट तपासलं असतं तर ताई पास आणि दादा नापास.

मग माझ्या मापांशी ताडून पाहिलं. दादाचे आकडे माझ्यापेक्षा काही मुलांत जास्त, काही मुलांत कमी, दहांची सरासरी मात्र माझ्याइतकीच. ताईचे आकडे दहाही मुलांत माझ्यापेक्षा जास्त: १.१, १.२, ०.९, १.३, १.०, १.२, १.१, १.०, १.३, १.१. सरासरी १.१२ सेंटिमीटर. माझ्याशी तिचा टीईएम ०.८ निघाला, स्वतःशी असलेल्याच्या पाचपट.

इतका एकसारखा फरक हाताच्या अस्थिरतेतून किंवा मुलाच्या चुळबुळीतून येत नाही. गुडघे नीट दाबले नाहीत तर माप कमी येतं, पण ते प्रत्येक मुलागणिक वेगवेगळं कमी येतं. म्हणून मी तिच्या शेजारी बसून तिची नजर कुठे जाते ते पाहिलं. सरकती पाटी प्लायवूडची होती. तिची आतली कड तळव्यांना टेकते आणि आकडा त्या कडेशी वाचायचा असतो. ताई बाहेरच्या कडेशी वाचत होती, कारण तिच्या बसण्याच्या जागेवरून तीच कड समोर दिसायची. प्लायवूड बारा मिलिमीटरचं. म्हणजे प्रत्येक मुलाच्या लांबीत पाटीची जाडी मिसळत होती, आणि ती दरवेळी तेवढीच मिसळत असल्यामुळे पुन्हा कितीही वेळा मोजलं असतं तरी तिच्या स्वतःच्या आकड्यांत ते दिसलं नसतं.

टेस्ट-रिटेस्टची मर्यादा इथे उघडी पडते. जी चूक दोन्ही वेळा सारखीच होते ती वजाबाकीत निघून जाते. इंटर-रेटरने ती पकडली, पण तीही माझं वाचन वेगळं होतं म्हणून. मीच तिला बाहेरच्या कडेशी वाचायला शिकवलं असतं तर आम्हा दोघींचे आकडे छान जुळले असते. एकाच शिक्षकाच्या हाताखाली तयार झालेल्या गटात अशी सामायिक चूक आपसांत ताडून सापडत नाही. म्हणून मी पेटीत ६० सेंटिमीटर लांबीचा स्टीलचा सरळ रॉड बाळगते. मुलाच्या जागी तो ठेवायचा आणि वाचायला सांगायचं. जुळतंय का हा एक प्रश्न आणि बरोबर आहे का हा दुसरा, आणि दुसऱ्याचं उत्तर माणसांना आपसांत ताडून मिळत नाही.

आता या दोघांपैकी कुणाच्या मापांची मला जास्त काळजी वाटायला हवी? हे ठरवायला मापं कशासाठी वापरायची आहेत ते बघावं लागतं.

सर्वेक्षणात आपल्याला एकेका मुलाचं काही सांगायचं नसतं. तालुक्यात किती टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत ते सांगायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार दोन वर्षांच्या मुलग्याची मध्यम लांबी ८७.८ सेंटिमीटर, आणि त्या वयाला एक प्रमाण विचलन म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर. मध्यापासून दोन विचलनं खाली, म्हणजे ८१.७ च्या खाली, गेलेलं मूल खुजं धरतात. समजा, एखाद्या भागातल्या मुलांची सरासरी मध्यापेक्षा दीड विचलन खाली आहे आणि मुलांमधला पसारा मानकाइतकाच आहे. तर खुज्या मुलांचं प्रमाण सुमारे ३१ टक्के निघतं. सगळी मुलं त्या दादासारख्या हातांनी मोजली, तर पसारा थोडा वाढतो आणि प्रमाण ३१ च्या ऐवजी जेमतेम ३२ टक्क्यांच्या आसपास जातं. सगळी मुलं ताईसारख्या हातांनी मोजली, तर प्रत्येक मूल सव्वा सेंटिमीटरच्या आसपास ‘उंच’ होतं आणि प्रमाण १९ टक्क्यांवर येतं. दर शंभरातली बारा खुजी मुलं कागदावरून नाहीशी होतात. तीही प्लायवूडच्या जाडीमुळे, आणि सर्वांत स्थिर हाताने मोजलेल्या मापांतून.

याचा अर्थ दादाची चूक क्षुल्लक आहे असा नाही. विस्कळीत चूक मोठी झाली की टोकाचे आकडे फुगतात. चूक दोन सेंटिमीटरच्या घरात गेली, आणि दमलेले हात, रडणारं मूल, घाईत असलेला गट असला की ती तिथे जाते, तर त्याच उदाहरणात तीव्र खुजेपणा ७ टक्क्यांवरून १० च्या पुढे जातो. गावात एकही मूल बदललेलं नसतं, पण अहवालात संकट दिसतं.

पण याच दोन जोड्या अंगणवाडीच्या दरमहाच्या वाढ-देखरेखीला बसवल्या की हिशेब उलटा होतो. तिथे एकेक मूल महत्त्वाचं असतं आणि आकडा नव्हे, आकड्यातला बदल वाचायचा असतो. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान निरोगी मूल वर्षाला साधारण १२ सेंटिमीटर वाढतं, म्हणजे महिन्याला एक. दोन मापं वजा केली की दोघांतली चूक एकत्र येते आणि टीईएमच्या सुमारे १.४ पट होते. दादाच्या बाबतीत ती सव्वा सेंटिमीटरच्या पुढे, म्हणजे महिन्याच्या वाढीपेक्षाही जास्त. त्याच्या नोंदींत धडधाकट मूल एखाद्या महिन्यात खुंटलेलं दिसेल, क्वचित आखूड झालेलंही दिसेल, आणि खरंच खुंटलेलं मूल वाढलेलं दिसेल. ताईची वजाबाकी मात्र चोख येईल, कारण पाटीची जाडी दोन्ही महिन्यांत आहे आणि ती कटून जाते. तिची बदली होऊन दुसरी सेविका आली की मात्र त्या महिन्यात गावातल्या सगळ्या मुलांची वाढ थबकल्यासारखी दिसेल.

म्हणून ‘हे माप भरवशाचं आहे का’ असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारते, कोण मोजणार, किती वेळा मोजणार, आणि मोजून काय ठरवणार. सर्वेक्षणात अनेक हात एकेकदा मोजतात, तेव्हा हातांमधला फरक तपासायला हवा. देखरेखीत एकच हात अनेकदा मोजतो, तेव्हा त्याचाच स्वतःशी असलेला फरक आधी. प्रत्यक्ष कामात ज्या वाटेने चूक शिरणार आहे, तपासणीतही तीच वाट मोकळी ठेवायची. जोडी बदलणार असेल तर तपासणीत जोड्या बदलूनच बघायचं. मदतनिसाने डोकं एक क्षण आधी सोडलं की माप बदलतं, त्यामुळे तपासला जातो तो मोजणारा नसतो, जोडी असते. दादाच्या प्रकरणात तेच निघालं. त्याची मदतनीस मुलाला थोपटायला एक हात काढून घेत होती. दुसऱ्या मदतनिसाबरोबर त्याचा टीईएम निम्म्याहून खाली आला.

आकडे कसे मांडायचे याचा एक सापळा आहे. त्यात चांगले शिकलेले लोकही सापडतात, त्यामुळे तो सविस्तर सांगते. दोन मोजणाऱ्यांचे आकडे घेऊन सहसंबंध गुणांक काढायची पद्धत जुनी आहे. ताईचे आणि माझे आकडे घेतले तर तो गुणांक जवळजवळ एक येईल, कारण माझ्या मापात उंच असलेलं मूल तिच्याही मापात उंचच आहे. सेंटिमीटरहून जास्त असलेली तफावत त्याला दिसतच नाही. ब्लांड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये नेमकं हेच सांगितलं आणि फरक थेट मांडून बघायची पद्धत रुळवली. सहसंबंध गुणांकाऐवजी आता आयसीसी नावाचा गुणांक वापरतात. तो चांगला आहे, पण सॉफ्टवेअर त्याचे प्रकार विचारतं. ‘सुसंगती’ निवडली तर ताईची चूक पुन्हा अदृश्य होते, ‘पूर्ण सहमती’ निवडली तर दिसते. अहवालात नुसतं आयसीसी लिहिलेलं असलं की मी फोन करून विचारते, यातला कुठला.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे हा गुणांक कोणती मुलं निवडली यावर हलतो. त्याचा गाभा असा, की मुलामुलांतल्या खऱ्या फरकाच्या तुलनेत चूक किती. समजा टीईएम दीड सेंटिमीटर आहे, म्हणजे वाईटच. तपासणीला सहा महिन्यांच्या बाळापासून पाच वर्षांच्या मुलापर्यंत सगळी घेतली, तर मुलांच्या उंचीतला पसारा बारा सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि गुणांक ०.९८ येतो. हेच हात, हीच फळी, पण सगळी मुलं दोन वर्षांची घेतली, तर पसारा तीन सेंटिमीटर आणि गुणांक ०.७५. हात सुधारले नाहीत की बिघडले नाहीत. एका संस्थेने ०.९८ दाखवून आपली मापं उत्तम असल्याचं सांगितलं, तेव्हा मी मुलांची वयं मागितली होती. लांबीच्या मापाला सेंटिमीटरमधलं उत्तर हवं, हा माझा आग्रह तिथून आला. जागतिक आरोग्य संघटनेने वाढीची मानकं बनवायला सहा देशांत मुलं मोजली, त्यात दिल्लीही होती. तिथे प्रत्येक मूल दोन जणांनी वेगवेगळं मोजायचं आणि लांबीत सात मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोघांनीही पुन्हा मोजायचं, असा नियम होता. मिलिमीटरमध्ये सांगितलेली हद्द प्रत्येक मुलाला, प्रत्येक वयाला, त्याच जागी बसून लावता येते.

तपासणीत आकडे फार चांगले आले तर मी सावध होते. एकदा एका जोडीचे दहाही फरक शून्य आले. चिठ्ठ्या गोळा केल्या होत्या, पण मदतनिसाने आकडे तळहातावर लिहून ठेवले होते. तिची भीती मला समजते, नापास झालो तर काम जाईल असं त्यांना वाटत होतं. लाथा झाडणाऱ्या मुलाची लांबी दोन वेळा मिलिमीटरपर्यंत तीच येणं एखाद्या वेळी घडतं, दहा वेळा घडत नाही. दुसरी खूण शेवटच्या अंकाची. दशांशाचा अंक शून्य किंवा पाच असायची शक्यता मिळून पाचात एक. निम्मे आकडे .० आणि .५ वर संपत असतील तर माणूस मिलिमीटर वाचतच नाही, अंदाजाने अर्ध्यावर आणतो. यासाठी दुसऱ्यांदा मोजायचीही गरज नसते, नोंदवही उघडली की दिसतं.

लांबीच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूने असते, दोन मापांच्या मधल्या अर्ध्या तासात मूल वाढत नाही. वजनाचं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात वजनाची हद्द १०० ग्रॅमची होती, आणि पोटभर दूध प्यायलेलं बाळ तेवढं सहज जड होतं. म्हणून वजनाची दोन मापं लगोलग घ्यायची, मध्ये पाजायचं नाही. दुसऱ्या दिवशी घेतलेलं वजन काट्याबद्दल थोडं आणि बाळाबद्दल जास्त सांगतं.

प्रश्नावलीत हीच अडचण मोठी होते. मुलाने काल दिवसभरात आणि रात्री काय काय खाल्लं, ते आईला विचारून आठ अन्नगटांत मांडायचं, आणि त्यातले पाच गट आले तर आहारात पुरेशी विविधता आहे असं धरायचं, ही पद्धत सगळीकडे वापरतात. सर्वेक्षणाचे आराखडे बनवणारे मला सांगतात, पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन तेच विचारा आणि टेस्ट-रिटेस्ट काढा. मनोवृत्ती किंवा स्वभाव मोजणाऱ्या प्रश्नावलीला ते ठीक आहे, पंधरा दिवसांत उत्तरं विसरली जातात आणि स्वभाव तितका बदलत नाही. पण इथे पंधरा दिवसांनी ‘काल’च दुसरा असतो. मधे बाजाराचा दिवस झालेला असतो, रेशन आलेलं असतं, किंवा कुटुंब ऊसतोडीला निघालेलं असतं. आलेला फरक मापाचा नसून जेवणाचा असतो आणि तो वेगळा काढायला काही मार्ग नाही. त्याच संध्याकाळी परत जाऊन विचारलं तर आईला सकाळची स्वतःची उत्तरं आठवतात आणि ती माहेरच्या माणसाशी बोलावं तशी समजुतीने तीच पुन्हा सांगते.

तिथे मी टेस्ट-रिटेस्ट सोडून देते. एक ताई विचारते आणि दोघी जणी एकमेकींचं न बघता नोंदवतात. यातून आईची आठवण किती पक्की हे कळत नाही, विचारण्याच्या ढंगाने उत्तर किती बदलतं हेही कळत नाही. ऐकलेलं गटांत टाकताना किती घोळ होतो एवढंच कळतं. पण धडगावच्या बाजूला खरा घोळ तिथेच होता. आई म्हणाली, “डाळीचं पाणी पाजलं.” एकीने कडधान्याच्या गटात खूण केली, दुसरीने केली नाही. पहिली म्हणाली, “मॅडम, डाळ शिजवूनच तर पाणी काढलंय.” दुसरी म्हणाली, “पण डाळ मोठ्यांच्या ताटात गेली ना!” दोघींचं म्हणणं विचार करून केलेलं होतं. आम्ही घरोघरी ते पाणी बघितलं. कुठे दाट, घोटलेलं, कुठे नुसतं पिवळं पाणी. शेवटी ‘वाटीच्या तळाशी डाळ दिसत होती का’ असा एक पुढचा प्रश्न आम्ही ठरवून टाकला आणि ‘हो’ आलं तरच खूण. नंतरच्या फेरीत त्या गटातले मतभेद बहुतेक मिटले. टक्क्यांतलं एकच उत्तर काढून थांबलो असतो तर हे सापडलं नसतं, गटवार मतभेद मोजले म्हणून सापडलं.

हो किंवा नाही अशा नोंदींत आणखी एक फसवणूक असते, आणि ती दुर्मीळ लक्षणांत सर्वांत वाईट. कुपोषणाची सूज बघायला दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबायचं आणि खड्डा राहतो का ते पाहायचं. समजा दोघींनी शंभर मुलं तपासली. पंचाण्णव मुलांना दोघीही ‘नाही’ म्हणाल्या, एकाला दोघीही ‘हो’, दोन मुलांना फक्त पहिली ‘हो’ आणि दुसऱ्या दोघांना फक्त दुसरी. सहमती ९६ टक्के. पण ज्या पाच मुलांना कुणीतरी सूज म्हणालं, त्यांतल्या एकाच मुलावर दोघींचं एकमत आहे. कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कप्पा गुणांक योगायोगाने होणारी सहमती वजा करतो, आणि तो इथे ०.३१ येतो. मुळात गावात अशी मुलं इतकी थोडी की तिथे सराव होतच नाही. म्हणून सूज ओळखायचा सराव आणि तपासणी मी पोषण पुनर्वसन केंद्रात करते, जिथे सूज असलेली आणि नसलेली मुलं शेजारी शेजारी असतात. मात्र तिथला कप्पा गावाच्या अहवालात छापू देत नाही, कारण तिथे बऱ्याच मुलांना सूज असते आणि गावात शंभरात एखाद्याला.

एवढं सगळं सर्वेक्षणाच्या आधीचं. सर्वेक्षण सुरू झालं की पर्यवेक्षक रोज काही घरी दुसऱ्या दिवशी जाऊन मुलं पुन्हा मोजतात, आणि कोणती घरं ते जोडीला आधी सांगत नाहीत. ते फरक मी दर संध्याकाळी जोडीवार एका कागदावर ओळीने टिपते. सुरुवातीचे दिवस ठिपके शून्याच्या दोन्ही बाजूंना पडतात. एका सर्वेक्षणात दुसऱ्या आठवड्यात एका जोडीचे ठिपके हळूहळू एकाच बाजूला सरकू लागले, आधी तीन मिलिमीटर, मग पाच, मग सात. मोजणारी तीच, मदतनीस तीच, वाचनही आतल्या कडेशी. रॉड ठेवून पाहिला तर ६० च्या जागी ६०.८. डोक्याकडच्या पक्क्या पाटीचे स्क्रू डोंगरातल्या जीपच्या धक्क्यांनी सैल झाले होते आणि पाटी मागे कलत होती. ती फळी त्याच रात्री कामातून काढली, आणि ठिपके सरकायला लागले त्या दिवसापासून त्या जोडीने मोजलेली मुलं दुसऱ्या फळीवर पुन्हा मोजायला घेतली.